घराची चित्रफीत: खोली मोठी, मोबदला लहान

गोव्यातील सदनिकांचे अनेक ग्राहक मुंबई, पुणे किंवा परदेशात राहतात. घर प्रत्यक्ष पाहायला यावे की नाही, हे ते दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून ठरवतात. त्यामुळे स्थानिक विक्रेते आणि दलाल तरुण चित्रणकारांना अशी कामे देऊ लागले आहेत. मात्र या व्यवहारात दोन ठिकाणी फसगत होते: ग्राहकाची खोलीच्या आकारात आणि चित्रणकाराची मोबदल्यात.

पहिल्या फसगतीचे मूळ मोबाईलच्या 0.5x भिंगात आहे. ते दहा फुटांची खोली हॉलसारखी भासवते, पण कडेचे कपाट ताणले जाते आणि समोरची भिंत दूर सरकते. ग्राहक प्रत्यक्ष येतो, तेव्हा खोली आक्रसलेली वाटते आणि सौदा तिथेच थंडावतो. त्यापेक्षा साध्या 1x भिंगाने दाराजवळच्या कोपऱ्यातून, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरून दोन भिंती आणि खिडकी टिपली, तर आकाराचा प्रामाणिक अंदाज येतो. भिंतींच्या उभ्या रेषा तिरप्या दिसल्या, तर कॅमेरा वर किंवा खाली झुकला आहे असे समजावे. स्वयंपाकघर वा न्हाणीघर फारच अरुंद असेल, तर रुंद भिंग वापरण्यास हरकत नाही. मात्र खोलीचे माप पडद्यावर लिहावे.

हालचालीत गिंबल हाताचा कंप शोषून घेतो, पण पावलांचा उसळता हेलकावा पूर्णपणे थांबवत नाही. म्हणून गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून हळू चालावे लागते. दारातून आत शिरतानाच वळू नये. आधी सरळ जावे, थांबावे, मग वळावे. दिव्यांमुळे चित्रात पट्टे लुकलुकत असतील, तर शटर 1/50 किंवा 1/100 वर स्थिर करावे, कारण आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे.

दुसरी फसगत दर चित्रफितीच्या लांबीवर ठरवल्याने होते. उदाहरणार्थ, म्हापशातील दोन शयनगृहांच्या सदनिकेची दोन मिनिटांची चित्रफीत घ्यावी. आवराआवर व चित्रणाला तीन तास, संकलनाला चार आणि प्रवासाला एक, असे आठ तास लागले. तासाला 350 रुपये धरल्यास श्रमाचे 2,800 होतात. प्रवासाचे 200 आणि साठ हजारांची सामग्री दोनशे कामांत वसूल करायची म्हणून 300 मिळवले, तर खर्च 3,300 वर जातो. हेच काम मिनिटाला हजार रुपयांनी घेतले, तर 1,300 रुपयांची तूट पडते. शिवाय फेरबदलांची मर्यादा आधी ठरली नसेल, तर तूट वाढत जाते. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ आणि एकच फेरबदल, ही अट लेखी हवी.

तुटीत काम करणारा चित्रणकार घाई करतो, आणि घाईत रुंद भिंग एका फटक्यात सारी खोली टिपते. स्वस्त दर आणि फसवे चित्र यांचा संबंध असा थेट आहे.