बगलवाट बंद झाली की

गिगाबिट फायबर घेतलं, राउटरमध्ये ट्रॅफिकची रांग लावणारं एसक्यूएम चालू केलं आणि ९४० मेगाबिटचा वेग दोन-तीनशेवर आला, की पहिला संशय कंपनीवर जातो. तो बहुधा चुकीचा असतो. दीड हजार बाइटचं पॅकेट धरलं तर गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटं येतात, म्हणजे प्रत्येकासाठी जेमतेम १२ मायक्रोसेकंद. स्वस्त राउटरमधल्या एमटी७६२१ चिपचा ८८० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर हे एकट्याने पेलत नाही. एरवी जोडणीची पहिली काही पॅकेटं तो तपासतो, पुढची चिपमधला वेगळा भाग परस्पर पाठवतो. खोक्यावरचा गिगाबिट हा या बगलवाटेचा! एसक्यूएमला मात्र प्रत्येक पॅकेट स्वतः हाताळायचं असतं, त्यामुळे ती वाट बंद होते. आत शिरून पॅकेट तपासणाऱ्या फायरवॉलचंही तेच. व्हीपीएनमध्ये वर कूटलेखनाचा भार. कुणी म्हणेल, चिपला दोन कोर आहेत की! आहेत, पण एका दिशेची रांग एका वेळी एकच कोर हाकतो. खात्री करायची तर स्पीड टेस्ट चालू असताना राउटरवर `top` पाहावं: `ksoftirqd` वर चढलं आणि `sirq` चा आकडा फुगला, तर अडचण घरातच आहे. एसक्यूएम बंद करून पुन्हा मोजा. वेग परतला तर निकाल लागला. मग कंपनीला फोन कशाला? एवढ्या रुंद लाइनवर रांगेची गरज तशी क्वचितच पडते; व्हीपीएन हवंच असेल, तर मोठा प्रोसेसर घ्यावा लागेल.