वहीतलं प्रेम

माझा नवरोबा मल्याळी. प्रेमाच्या मराठी वाक्यांसाठी त्याने खास वही केलीय. रकाने तीन: वाक्य, उच्चार, कुणासमोर.

पहिलं वाक्य माझ्याच तोंडून उचललेलं, ‘तू मला आवडतोस.’ भूमला माझ्या माहेरी त्याने तेच मला ऐकवलं आणि धाकटी बहीण फिस्सकन हसली! मल्याळममध्ये क्रियापद बाई-पुरुषाप्रमाणे बदलतच नाही. आता खाली लाल शाईत: ‘बायकोला म्हणताना आवडतेस.’

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’पुढे उच्चार: ‘माझं’चा झ ‘झाड’मधला, ‘झिम्मा’तला नव्हे. शेरा: फक्त चिठ्ठीत, बोलताना फिल्मी वाटतं.

आणि आई-अण्णांसमोर? तिथे एकच नोंद, ‘जेवलीस का?’ परवा ताप होता मला. वही न बघता त्याने ते विचारलं. डोळेच भरले हो!