निफ्टी हलला नाही, तरी कॅलेंडर स्प्रेडमध्ये तोटा का?

कॅलेंडर स्प्रेड म्हणजे घरबसल्या भाडं नव्हे. समजा, निफ्टी 25,000 वर आहे. त्याच स्ट्राइकचा 7 दिवसांचा कॉल 180 ला विकला, 35 दिवसांचा 400 ला घेतला. विकलेला सुरुवातीला रोज साधारण 13 रुपयांनी झिजतो, घेतलेला 6 रुपयांनी. मधले 7 आपले.

पण आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेली चढ-उताराची अपेक्षा, दोन्हींत 13 वरून 10 वर आली तर? विकलेल्यात साधारण 42 मिळतात, घेतलेल्यात 93 जातात. 51 चा फटका, सुरुवातीच्या दराने जवळजवळ आठवड्याची कमाई गेली!

म्हणून माझं मत: निवडणूक निकालाआधी इंडिया व्हीआयएक्स चढलेला असताना कॅलेंडर लावू नका. तो खाली, शांत असतानाच विचार करा.