एकतीस नावांचे पत्र

सांगलीच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या घरातील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आण्णा दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. मधुमेह जुना असल्याने जखम भरण्यास वेळ लागला आणि रुग्णालयातील मुक्काम सतरा दिवसांवर गेला. घरी परतण्याच्या आदल्या दिवशी थोरल्या चिरंजीवांनी आभाराचा बेत ठरवला : सर्जनांना शाल-श्रीफळ, आणि नर्सिंग काउंटरवर पेढ्यांचे दोन पुडे. बहुतेक घरांत असेच होते, आणि त्यात वाईट हेतू काहीच नसतो.

धाकट्या सूनबाईंना मात्र तो बेत पटला नाही. सतरा दिवसांपैकी अकरा रात्री त्या वॉर्डात राहिल्या होत्या. दुपारी काउंटरवर ठेवलेले पेढे दुपारच्या पाळीतच संपतात, रात्री आठला येणाऱ्यांच्या वाट्याला रिकामा पुडा येतो आणि झाडू-पोछा करणाऱ्या बायका तर काउंटरपाशी फिरकतही नाहीत, हे त्यांनी शेजारच्या खाटेच्या वेळी पाहिले होते. शिवाय त्यांच्या मनात सहाव्या दिवसाची एक गोष्ट सलत होती.

आण्णांचे जेवण सूर्यास्तापूर्वी. वॉर्डातील जेवणाची गाडी मात्र संध्याकाळी साडेसातला येई. पहिल्या दिवशी ही अडचण कळताच पॅन्ट्रीतील मुलाने त्यांचे ताट साडेपाचला वेगळे आणण्यास सुरुवात केली. तेवढ्याने भागणारे नव्हते. इन्सुलिन जेवणाच्या थोडे आधी द्यायचे असते. जेवण दोन तास अलीकडे आले आणि इंजेक्शन जुन्याच वेळी दिले, तर रिकाम्या पोटी साखर धोकादायक उतरू शकते. म्हणून सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून औषधाच्या तक्त्यावरील वेळच बदलून घेतली आणि प्रत्येक पाळी बदलताना ती पुढच्या सिस्टरांना तोंडीही सांगितली.

तरीही नातवाला धास्ती वाटे. साडेपाचनंतर सकाळपर्यंत पोटात काही नाही, मध्यरात्री साखर उतरली तर? वॉर्डात तपासणी ठरल्या वेळी होतच होती, पण घरचे यंत्र आणून तो दोन-तीन वेळा आपणही आण्णांचे बोट टोचून पाही. एका रात्री ती टोचणी त्याने कागदात गुंडाळली आणि खाटेखालच्या साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. सकाळी सफाईच्या मावशींनी पिशवी दाबून गाठ मारली आणि टोचणी हातमोज्यातून त्यांच्या बोटात शिरली.

वॉर्डातील कचऱ्याच्या रंगांचा अर्थ त्या दिवशी त्या घराला कळला. रक्ताने माखलेले बोळे-पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्यांसारखे प्लॅस्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात. आणि सुई, ब्लेड, टोचणी असे टोकदार काही असेल तर ते फक्त जाड, न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. साध्या कचऱ्यात टोक नसते, या भरवशावरच सफाई कामगार त्या पिशवीला हात घालतो.

मावशींनी बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतले. ते दाबून रक्त काढायचे नसते, हे त्यांना शिकवलेले होते. मग त्यांनी इन्चार्ज सिस्टरांना कळवले. सिस्टर कागद घेऊन खाटेपाशी आल्या : ज्यांच्या रक्ताची टोचणी, त्यांच्या रक्ताची एचआयव्ही आणि बी व सी प्रकारच्या काविळीसाठी तपासणी करायची, त्यासाठी संमती हवी. थोरले चिरंजीव उसळले. "आमच्या आण्णांची असली तपासणी? लोक काय म्हणतील?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "शंका आण्णांवर नाही हो. औषध सुरू करायचं की नाही ते ठरवायचंय, आणि लागलंच तर पहिल्या काही तासांत सुरू केलेलं बरं. मावशीला दोन लेकरं आहेत." आण्णांनी ते ऐकले, स्वतःच पेन मागितले आणि सही केली.

अहवाल संध्याकाळपर्यंत निर्दोष आले. मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाटेखाली पोछा मारीत होत्या. त्यांना नाव मात्र तेव्हाही कोणी विचारले नाही.

म्हणूनच आभाराचे पत्र लिहिताना सूनबाईंनी आधी नावे गोळा केली. सिस्टर, वॉर्डबॉय आणि आया यांची नावे इन्चार्ज सिस्टरांनी ड्युटीच्या तक्त्यावरून वाचून दाखवली. सफाईची माणसे ठेकेदाराची, त्यांची नावे त्या तक्त्यात नव्हतीच. ती मुकादमाकडे जाऊन मिळवावी लागली. एकूण एकतीस नावे झाली : पाच डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, अकरा सिस्टर, चार वॉर्डबॉय, तीन आया, पाच सफाई कामगार आणि पॅन्ट्रीतील दोघे. पत्रात ती हुद्द्याने न लावता अक्षरांच्या क्रमाने लावली. त्यामुळे सर्जनांचे नाव एकोणिसावे आले, आणि म्हणे ते वाचून त्यांना मोठी मौज वाटली.

प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने केलेले एक काम लिहिले. 'सर्वांनी उत्तम सेवा केली' या वाक्याने कोणाचेच काम दिसत नाही. रात्रपाळीच्या दोन वॉर्डबॉयपुढे लिहिले : 'दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला एकही जखम झाली नाही.' आयापुढे लिहिले : 'लघवीची पिशवी रिकामी करताना दर वेळी माप सांगितले, म्हणून घट लगेच ध्यानात आली.'

थोरल्यांना प्रत्येकाला पाचशे रुपये द्यायचे होते. इन्चार्ज सिस्टरांनी नकार दिला. एका खाटेकडून पैसे मिळाले की पुढच्या खाटेकडे नकळत अपेक्षेने पाहिले जाते, आणि त्या खाटेवरच्या माणसाकडे द्यायला काही नसते, असे त्यांचे म्हणणे. व्यापाऱ्याला ते पटायला वेळ लागला, पण पटले. मग राजगिऱ्याच्या लाडवांची एकतीस वेगवेगळी पाकिटे झाली, प्रत्येकावर नाव घालून. ती घरी आल्यानंतरच्या आठवड्यात वाटली, म्हणजे देण्यामागे काही मागणे आहे असे वाटू नये. तीही पाळी बदलताना, सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता जाऊन. चौघे रजेवर होते. त्यांच्यासाठी नातू पुन्हा दोनदा गेला.

पत्राची एक प्रत ठेकेदाराकडेही पाठवली. ठेक्यावरच्या माणसाला आज या रुग्णालयात, तर उद्या दुसरीकडे पाठवतात. त्याच्या चांगल्या कामाची नोंद सहसा कोठेच उरत नाही. पत्राच्या शेवटी एक विनंती होती. त्या मावशींच्या बी-काविळीच्या लसीचे तीनपैकी दोनच डोस झाल्याचे टोचणीच्या दिवशी उघड झाले होते. रुग्णालयातील असा कचरा हाताळणाऱ्याला ही लस देणे २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाला बंधनकारक आहे. तिसऱ्या डोसाची तारीख चुकू नये, एवढेच लिहिले होते.

मावशींचे पाकीट द्यायला नातू स्वतः गेला. पत्रातील आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, ते त्यांनी त्यालाच वाचायला सांगितले. त्याने वाचले : 'आमच्या निष्काळजीपणामुळे यांना इजा झाली. त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशीही यांनी आमची खोली तितक्याच काळजीने पुसली.' मावशींनी कागदाची घडी घालून ती ओळखपत्राच्या पाकिटात सरकवली आणि विचारले, "आण्णा काठी घेऊन चालतात का आता?"