मुलाखतीच्या शिकवणीची फी

केंदूरची पदवीधर मुले रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांत मुलाखतीला जातात. बायोडाटा लिहिणे आणि मुलाखतीचा सराव यांची शिकवणी लावण्याआधी भिंतीवरच्या फोटोंना भुलू नका. ‘आमचे आठ जण लागले’ म्हटले, की विचारा : कितींपैकी, कोणत्या वर्षी, कोणत्या पगारावर? दहांतले आठ निराळे, ऐंशींतले आठ निराळे. मोठ्या शिकवणी वर्गांना तर नोकरीची हमी जाहिरातीत देण्यास २०२४ च्या केंद्रीय नियमांनी मनाईच केली आहे.

फी बैठकीवर ठरवावी. बायोडाट्याची एक, सरावाच्या दोन. निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटच्या सरावानंतर. पहिल्या पगारात वाटा मागणारा मला पटत नाही. निवड तर कारखानदार करतो. बायोडाट्यातली प्रत्येक ओळ मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली नाही, तर तो बायोडाटा शिकवणीवाल्याचा समजावा.