मजूर मिळत नाही म्हणता, पण हजेरी कुठं मांडता?

कांदा काढणी आली की शिरूर-दौंडात एकच रड, मजूर मिळत नाही. मिळंल कसा? सहा दिवस बाया राबतात अन् बाजाराच्या दिवशी हिशोब तोंडी. पावसानं दुपारी सुट्टी झालेला अर्धा दिवस मालक विसरतो, उचल मात्र पक्की ध्यानात ठेवतो.

साधी वही करा. तारीख, नाव, पूर्ण की अर्धा, उचल. रोज संध्याकाळी मजुरासमोरच लिहा. रोज 300 धरला तर पाच पूर्ण न एक अर्धा दिवस म्हंजे 1650. उचल 500 वजा, हातात 1150. पैसे दिले की सही नाहीतर अंगठा घ्या.

गड्याचा न बाईचा रोजही शेजारी शेजारी लिहा. त्याच वाफ्यातला कांदा उपटून एकाला जास्त, एकीला कमी? समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 सालीच झालाय, मंडळी.