गोल तक्त्याची बेरीज करा

सटाण्याला कचेरीच्या भिंतीवर वनदाव्यांचा गोल तक्ता दिसला की आपली पोरं मोबाईलात फोटो काढून आणतात. आधी टक्के मिळवून बघा. समजा, मंजूर ४६, नामंजूर ३८, प्रलंबित २७. बेरीज झाली १११! अपूर्णांक सोडताना एखादा टक्का इकडेतिकडे होतो, अकरा नाही. अंधुक फोटोत ३ चा ८ वाचला का, तेही पाहा. तसं नसेल तर माझा संशय दुहेरी मोजणीवर: उपविभागीय समितीनं नाकारलेला दावा जिल्हा समितीकडे अपिलात गेला, की तो नामंजुरातही धरला आणि प्रलंबितातही. फाकी डोळ्यानं मोजू नका, तिरक्या फोटोत वर्तुळ चपटं होतं. दाव्यांची संख्या मागा, तीही लेखी.